अमेरिकेत अनोळखी वसुली एजन्सीने पैसे मागितले तर? पैसे भरण्याआधी लेखी पडताळणी कशी मागायची

फोनवर एक मेसेज येतो: 'तुमच्या नावावर १,०५२ डॉलर थकीत आहेत. आजच या नंबरवर संपर्क साधा.' पाठवणाऱ्या कंपनीचं नाव तुम्ही कधी ऐकलेलं नसतं. कसले पैसे, कोणाचे, कधीचे, काहीच कळत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना, तिथे शिकायला गेलेल्या मुलांना आणि शिकून भारतात परतलेल्यांनाही असे मेसेज आणि फोन येतात.

अशा वेळी दोन टोकाच्या प्रतिक्रिया दिसतात. काही जण घाबरून 'कटकट नको' म्हणून कार्डवरून पैसे भरून टाकतात. काही जण फसवणूक समजून नंबर ब्लॉक करतात आणि विसरून जातात. दोन्हींमध्ये धोका आहे. देणं खोटं असेल तर भरलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. देणं खरं असेल तर गप्प बसल्याने ते क्रेडिट रिपोर्टवर चढू शकतं किंवा प्रकरण कोर्टात जाऊ शकतं.

यातला मधला मार्ग अमेरिकेच्या कायद्यातच दिलेला आहे. एजन्सीला लेखी कळवायचं, की हे देणं मला मान्य नाही, आधी त्याची पडताळणी करून द्या. हे पत्र कधी पाठवायचं, त्यात काय लिहायचं आणि त्याने काय साधतं, काय साधत नाही, ते पाहू.

हा अधिकार कुठून आला?

अमेरिकेच्या संसदेने १९७७ साली 'फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट' हा कायदा केला. त्याआधी वसुली करणारे रात्री-अपरात्री फोन करत, शेजाऱ्यांना सांगत, अटकेच्या धमक्या देत. या कायद्याने अशा प्रकारांवर बंदी आणली आणि देणेकऱ्याला पडताळणी मागण्याचा अधिकार दिला. पुढे 'कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो' या केंद्रीय संस्थेने 'रेग्युलेशन एफ' नावाचे सविस्तर नियम केले. ते ३० नोव्हेंबर २०२१ पासून लागू आहेत.

कायदा कोणाला लागू होतो, हे आधी समजून घ्यायला हवं. तो दुसऱ्यांच्या वतीने वसुली करणाऱ्या एजन्सींना लागू होतो, तसंच जुनी थकबाकी विकत घेऊन तिची वसुली हाच धंदा करणाऱ्या कंपन्यांना. ज्या बँकेने कार्ड दिलं किंवा ज्या हॉस्पिटलने उपचार केले, ते स्वतःच्या नावाने पैसे मागत असतील तर हा केंद्रीय कायदा सहसा लागू होत नाही. शिवाय देणं वैयक्तिक किंवा घरगुती हवं, म्हणजे क्रेडिट कार्ड, हॉस्पिटलचं बिल, अपार्टमेंटचं भाडं, फोनचं बिल वगैरे. धंद्यासाठी घेतलेलं कर्ज यात येत नाही.

व्हॅलिडेशन नोटीस म्हणजे काय?

एजन्सीने तुमच्याशी पहिल्यांदा संपर्क साधला, की तिने एकतर त्याच वेळी किंवा त्यानंतर पाच दिवसांच्या आत तुम्हाला एक माहितीपत्र द्यावं लागतं. त्याला 'व्हॅलिडेशन नोटीस' म्हणतात. ती बहुतेक वेळा टपालाने येते, काही वेळा ईमेलने.

त्या नोटिशीत एजन्सीचं नाव आणि टपालाचा पत्ता असतो. सध्या हे देणं कोणाच्या मालकीचं आहे, त्यांचं नाव असतं. खाते क्रमांकाचे काही आकडे असतात. आणि सगळ्यात उपयोगाची गोष्ट म्हणजे रकमेचा हिशोब असतो. एक ठरावीक तारीख धरून त्या दिवशी किती रक्कम होती, त्यानंतर व्याज किती लागलं, शुल्क किती लागलं, तुम्ही किती भरले आणि आज एकूण किती मागितले जातात, हे वेगवेगळं दाखवावं लागतं.

नोटिशीवर आणखी एक तारीख छापलेली असते. त्या तारखेपर्यंत तुम्ही लेखी हरकत घेतली, तर एजन्सीला वसुली थांबवावी लागते. ही मुदत नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांची असते. नोटीस नेमकी कधी हातात पडली हे एजन्सीला कळत नाही, म्हणून शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या वगळून किमान पाच दिवस प्रवासाचे धरून ती मिळाली असं मानण्याची मुभा तिला असते. उदाहरणार्थ, सोमवार ४ मार्च २०२४ ला पाठवलेली नोटीस सोमवार ११ मार्चला मिळाली असं धरता येतं आणि तिथून ३० दिवस मोजले की १० एप्रिल येते. तुम्हाला हा हिशोब करत बसायची गरज नाही. नोटिशीवर छापलेली तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पत्र त्याच्या बऱ्याच आधी पोचेल असं पाहा.

फोन आला तर काय बोलायचं?

पहिला संपर्क अनेकदा फोननेच होतो आणि चुकाही तिथेच होतात. समोरची व्यक्ती 'ओळख पटवायची आहे' म्हणून जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे आकडे विचारते. ती व्यक्ती कोण आहे हेच तुम्हाला माहीत नसताना ही माहिती देऊ नका. बँक खातं किंवा कार्डाचा नंबर तर अजिबात नाही.

तुम्ही चार गोष्टी विचारा आणि लिहून घ्या: बोलणाऱ्याचं नाव, कंपनीचं पूर्ण नाव, टपालाचा पत्ता आणि फोन नंबर. काही राज्यांत वसुली एजन्सीला परवाना लागतो. तुमच्या राज्यात तसा नियम असेल तर परवाना क्रमांकही विचारा. मग एवढंच म्हणा: 'मी फोनवर या विषयी काही बोलणार नाही. मला व्हॅलिडेशन नोटीस लेखी पाठवा.' आणि फोन ठेवा.

'हो, ते बिल माझंच आहे, पण सध्या हात अडचणीत आहे' अशी वाक्यं टाळा. 'सध्या पन्नास डॉलर तरी भरा, म्हणजे फाइल थांबवतो' या आग्रहालाही बळी पडू नका. त्यामागचं कारण जुन्या देण्यांशी जोडलेलं आहे. प्रत्येक राज्यात देण्यासाठी दावा लावण्याची कायदेशीर मुदत असते. बहुतेक ठिकाणी ती तीन ते सहा वर्षांची आहे, काही ठिकाणी त्याहून जास्त. ती उलटून गेल्यावर एजन्सीला तुमच्यावर दावा लावता येत नाही आणि दाव्याची धमकीही देता येत नाही. पण अनेक राज्यांत तुम्ही थोडी जरी रक्कम भरली किंवा देणं लेखी मान्य केलं, तर मुदतीचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतं. म्हणजे पन्नास डॉलरच्या 'सदिच्छे'मुळे मेलेलं देणं जिवंत होतं.

पत्रात काय लिहायचं?

पत्र इंग्रजीत लिहायचं, साध्या भाषेत, एका पानात. त्यात तीन भाग हवेत.

पहिला भाग ओळखीचा. तुमचं नाव, पत्ता, नोटिशीची तारीख आणि नोटिशीवर असलेला संदर्भ क्रमांक. इथे सोशल सिक्युरिटी नंबर किंवा जन्मतारीख लिहू नका.

दुसरा भाग म्हणजे पत्राचा गाभा. 'आय डिस्प्यूट धिस डेट', म्हणजे 'मला हे देणं मान्य नाही', हे वाक्य स्पष्ट लिहा. नुसतं 'कृपया अधिक माहिती द्या' असं लिहिलं तर ती हरकत होती की चौकशी, यावर नंतर वाद होऊ शकतो. 'मान्य नाही' म्हणणं म्हणजे 'मी एक पैसाही देणं लागत नाही' अशी शपथ नव्हे. हे देणं कोणतं आहे हे तुम्हाला ओळखू येत नाही, किंवा रक्कम पटत नाही, एवढं कारण पुरेसं आहे. रकमेचा काही भागच पटत नसेल तर तेवढ्याच भागाला हरकत घेता येते.

तिसरा भाग मागण्यांचा. मूळ देणेकरी कोण होता, त्याचं नाव आणि पत्ता. मूळ बिल किंवा करार यांची प्रत. रक्कम कशी झाली त्याचा तपशील आणि व्याज-शुल्क लावण्याचा अधिकार कोणत्या करारातून किंवा कायद्यातून आला, त्याचा आधार. शेवटचा पैसा कधी भरला गेला, ती तारीख. आणि हे देणं वसूल करण्याचा अधिकार या एजन्सीला कोणी दिला, त्याची नोंद.

पत्राच्या शेवटी 'पडताळणी मिळेपर्यंत वसुलीची कारवाई थांबवावी' एवढं एक वाक्य लिहा. आपली आर्थिक परिस्थिती, नोकरी, आजारपण, व्हिसा यातलं काहीही पत्रात आणू नका. कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोच्या `consumerfinance.gov` या संकेतस्थळावर अशा पत्रांचे तयार नमुने मोफत मिळतात. त्यात आपली माहिती भरली तरी काम होतं.

पत्र पोस्टाने पाठवताना 'सर्टिफाइड मेल' निवडा आणि 'रिटर्न रिसीट' मागा. म्हणजे आपल्याकडची रजिस्टर्ड पोस्टाची पोचपावती असते तशी सही झालेली पावती तुमच्याकडे येते. पत्राची प्रत, पोस्टाची पावती आणि पोचपावती एकत्र जपून ठेवा. नोटिशीच्या खाली हरकतीचा छापील तुकडा असतो, त्यावर खूण करून पाठवली तरी ती लेखी हरकतच असते. एजन्सी ग्राहकांकडून ईमेल किंवा वेब पोर्टलवर संदेश स्वीकारत असेल, तर त्या मार्गाने पाठवलेली हरकतही लेखी धरली जाते. तसं केलंत तर स्क्रीनशॉट ठेवा.

पत्र पोचल्यावर काय होतं?

मुदतीत लेखी हरकत पोचली, की एजन्सीला त्या देण्याची वसुली थांबवावी लागते. पडताळणी मिळवून ती तुम्हाला पाठवेपर्यंत फोन, पत्रं, मेसेज काहीही करता येत नाही. एजन्सीने ही थकबाकी क्रेडिट ब्युरोला कळवली, तर 'ग्राहकाला हे मान्य नाही' अशी नोंदही तिला करावी लागते.

इथून तीन वाटा फुटतात. पहिली म्हणजे एजन्सी काहीच उत्तर देत नाही. त्यांच्याकडे कागद नसतील, किंवा ते मिळवण्याचा खर्च रकमेच्या मानाने परवडत नसेल, तर असं होतं. पण हे देणं पुढे दुसऱ्या एजन्सीला विकलं जाऊ शकतं. मग नवी नोटीस येते आणि पुन्हा तेच पत्र पाठवावं लागतं. जुने कागद म्हणूनच टाकून द्यायचे नसतात.

दुसरी वाट म्हणजे एजन्सी 'फाइल बंद केली' असं कळवते. तिसरी म्हणजे कागद येतात आणि त्यानंतर वसुली पुन्हा सुरू करण्याची मोकळीक एजन्सीला मिळते.

तिसऱ्या वाटेबद्दल समाजमाध्यमांवर बरेच गैरसमज आहेत. 'सही केलेला मूळ करार दाखवला नाही तर देणं रद्द होतं' असं छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ फिरतात. ते खरं नाही. पडताळणी म्हणून नेमके कोणते कागद द्यायचे, हे कायद्यात लिहिलेलं नाही. काही केंद्रीय अपील न्यायालयांच्या मते, मागितलेली रक्कम मूळ देणेकऱ्याच्या दाव्याशी जुळते एवढी लेखी खात्री एजन्सीने दिली तरी पुरतं. म्हणजे तुमच्या सगळ्या मागण्या पूर्ण होतीलच असं नाही. तरीही त्या लिहायच्या, कारण जे कागद येतात त्यातूनच चूक सापडते.

एक उदाहरण: १,०५२ डॉलरचे १९० कसे झाले?

हा व्यवहार प्रत्यक्षात कसा चालतो हे समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. न्यू जर्सीतल्या एका मराठी जोडप्याला सुरुवातीला सांगितला तसा मेसेज येतो. ते मेसेजमधल्या लिंकवर क्लिक करत नाहीत. फोनवर पत्ता विचारून लेखी नोटीस मागतात. आठवड्याभरात नोटीस येते. त्यात एका हॉस्पिटलचं नाव असतं आणि हिशोब असा असतो: २० सप्टेंबर २०२२ रोजी ९४० डॉलर, त्यानंतरचं व्याज ७२, शुल्क ४०, भरलेली रक्कम शून्य, एकूण १,०५२.

हॉस्पिटलचं नाव वाचून आठवण येते. ऑगस्ट २०२२ मध्ये नवऱ्याच्या छातीत दुखत होतं म्हणून रात्री इमर्जन्सीत नेलं होतं. म्हणजे मागणी पूर्ण बनावट नाही. पण 'भरलेली रक्कम शून्य' हे खटकतं, कारण त्या रात्री काउंटरवर कार्डाने १५० डॉलर भरल्याचं त्यांना पक्कं आठवतं. दहाव्या दिवशी ते सर्टिफाइड मेलने हरकतीचं पत्र पाठवतात.

पाच आठवड्यांनी एजन्सी हॉस्पिटलच्या खात्याचा उतारा पाठवते. त्यात ९४० डॉलरची फोड असते: इमर्जन्सी विभागाचे ७५० आणि रक्ततपासणीचे १९०. आता जोडपं इन्शुरन्स कंपनीच्या पोर्टलवर जाऊन त्या दिवसाचं 'एक्सप्लनेशन ऑफ बेनिफिट्स' काढतं. कोणत्या उपचाराचे विम्याने किती दिले आणि रुग्णाने किती द्यायचे, हे सांगणारा हा कागद असतो. त्यावरून कळतं, की हॉस्पिटलने पहिला दावा चुकीच्या सदस्य क्रमांकावर पाठवला होता, म्हणून तो नाकारला गेला. दुरुस्त करून पाठवलेला दुसरा दावा मंजूर झाला आणि विम्याने ७५० पैकी ६०० डॉलर दिले. उरलेले १५० रुग्णाचा वाटा, जो काउंटरवर भरला होता. रक्ततपासणीचे १९० मात्र वार्षिक डिडक्टिबलमध्ये गेले, म्हणजे ते खरोखरच रुग्णाने द्यायचे होते.

चूक सापडली: विम्याचे ६०० आणि कार्डाचे १५० हॉस्पिटलच्या दुसऱ्या खाते क्रमांकावर जमा झाले होते आणि वसुलीला गेलेल्या खात्यावर त्यांची नोंदच नव्हती. जोडपं विम्याचा कागद आणि कार्डाचं स्टेटमेंट हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला आणि त्याच्या प्रती एजन्सीला पाठवतं.

उरले व्याज आणि शुल्काचे ११२ डॉलर. एजन्सीला मूळ करारात स्पष्ट लिहिलेली किंवा कायद्याने परवानगी दिलेली रक्कमच वसूल करता येते, त्यापेक्षा जास्त नाही. हॉस्पिटलच्या कागदांत असं व्याज लावण्याचं कलम कोणी दाखवू शकलं नाही. ती रक्कम वगळली गेली. हॉस्पिटलने खातं एजन्सीकडून परत घेतलं, १९० डॉलरचं दुरुस्त बिल पाठवलं आणि जोडप्याने ते थेट हॉस्पिटलला भरून 'शिल्लक शून्य' असं पत्र मागून घेतलं.

इथे मागणी पूर्णपणे खोटीही नव्हती आणि पूर्णपणे खरीही नव्हती. ते ओळखता आलं ते हिशोबातल्या एका शून्यामुळे, आणि तो हिशोब लेखी मागितला म्हणूनच हाती आला.

मागणी बनावट आहे हे कसं ओळखायचं?

खरी एजन्सी टपालाचा पत्ता देते आणि नोटीस पाठवते, कारण न दिल्यास तिच्यावर दावा होऊ शकतो. बनावट मागणी करणारे पत्ता द्यायला टाळाटाळ करतात, 'नोटीस आधीच पाठवली होती' म्हणतात आणि आजच्या आज पैसे मागतात. गिफ्ट कार्ड, वायर ट्रान्सफर किंवा क्रिप्टोने पैसे मागितले तर पुढे बोलायचंच नाही.

अटकेची धमकी हीसुद्धा ठळक खूण आहे. क्रेडिट कार्ड किंवा हॉस्पिटलचं बिल थकल्याबद्दल अमेरिकेत तुरुंगात टाकत नाहीत आणि एजन्सीने तशी धमकी देणं बेकायदा आहे. मराठी विद्यार्थ्यांना 'तुमचा व्हिसा रद्द करायला लावू' असंही सांगितलं जातं. वसुली एजन्सीच्या हातात असा कोणताही अधिकार नसतो.

मेसेजमध्ये एखाद्या खऱ्या कंपनीचं नाव वापरलेलं असू शकतं. म्हणून मेसेजमधल्या नंबरवर न जाता कंपनीचा नंबर स्वतः शोधा. `annualcreditreport.com` वर तिन्ही क्रेडिट ब्युरोंचे अहवाल मोफत मिळतात. त्यात ही थकबाकी दिसते का ते बघा. दिसली नाही म्हणजे ती खोटीच असं मात्र नाही, कारण एजन्सीने नोंद करण्याआधी तुमच्याशी बोलणं, किंवा पत्र पाठवून काही दिवस थांबणं आवश्यक असतं. शिवाय नकारात्मक नोंदी साधारण सात वर्षांनी अहवालातून निघून जातात.

भारतात परतलेल्यांच्या किंवा तिथे शिकणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना फोन आला तर हे लक्षात ठेवा: एजन्सी नातेवाइकांकडे फक्त पत्ता, फोन नंबर आणि नोकरीचं ठिकाण विचारू शकते. देण्याबद्दल त्यांना सांगू शकत नाही. मुलगा किंवा मुलगी सज्ञान असेल आणि तुम्ही कुठे सही करून हमी दिली नसेल, तर केवळ आई-वडील म्हणून ते देणं तुमच्यावर येत नाही.

हे पत्र कुठे कामाला येत नाही?

कोर्टाचं समन्स आलं असेल तर हे पत्र त्याचं उत्तर ठरत नाही. समन्सला उत्तर देण्याची मुदत वेगळी आणि बऱ्याचदा छोटी असते. ती चुकली तर कोर्ट तुमचं म्हणणं न ऐकता निकाल देऊ शकतं आणि मग पगारातून किंवा बँक खात्यातून वसुली होऊ शकते. समन्स बनावट वाटलं तर त्यावरच्या नंबरवर नाही, त्या कोर्टाच्या कार्यालयात फोन करून केस क्रमांक तपासा. खरं असेल तर लगेच वकील गाठा. कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था प्रत्येक राज्यात आहेत.

३० दिवसांची मुदत उलटली असेल तरी पत्र पाठवता येतं, पण मग वसुली थांबवण्याचं बंधन एजन्सीवर राहत नाही. मुदतीत हरकत घेतली नाही म्हणजे देणं मान्य केलं, असा अर्थ मात्र कोणत्याही कोर्टाला काढता येत नाही. हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

एजन्सीने नियम मोडले, उदाहरणार्थ हरकत पोचल्यावरही फोन चालू ठेवले, तर ब्युरोकडे ऑनलाइन तक्रार करता येते. स्वतः दावाही लावता येतो. तो नियमभंगापासून एका वर्षाच्या आत लावावा लागतो आणि प्रत्यक्ष नुकसान सिद्ध झालं नाही तरी कोर्ट १,००० डॉलरपर्यंत भरपाई देऊ शकतं.

भारतात असा अधिकार आहे का?

३० दिवसांची मुदत आणि तोवर वसुली बंद, असा नियम भारतात नाही. पण रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार बँकेने थकीत प्रकरण एजन्सीकडे देताना त्या एजन्सीची माहिती कर्जदाराला कळवायची असते आणि एजंटाजवळ ओळखपत्र व बँकेचं अधिकारपत्र असावं लागतं. ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकानुसार वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. त्यामुळे पुण्यात किंवा पणजीत अनोळखी एजंटाचा फोन आला तर प्रश्न बँकेलाच विचारायचा: हे खातं माझं आहे का, किती बाकी आहे आणि हा माणूस तुमचा आहे का? उत्तर बँकेकडून ईमेलवर, लेखी घ्यायचं. आणि पैसे भरायचे ते बँकेच्या कर्ज खात्यातच, एजंटाच्या वैयक्तिक यूपीआय आयडीवर नाही.